‘तोंड आलंय’ म्हणजे नेमकं काय? गालाच्या आतल्या फोडांची जागा, तारीख आणि दिवस

आपल्याकडे तोंडात काहीही झालं तरी शब्द एकच: ‘तोंड आलंय’. गालाच्या आत बारीक पांढरा फोड आला, तोंड आलंय. तिखट लागेना, तोंड आलंय. दाढ गालाला घासली, तेही तोंड आलंय. आणि कारणही एकच: उष्णता. मग उपायही ठरलेले. सब्जा, गुलकंद, बी-कॉम्प्लेक्सची पिवळी गोळी आणि मेडिकलवाल्याने दिलेलं जेल.

तोंडाच्या आतलं अस्तर दुखावल्यावर कसं भरून येतं, हा माझ्या पीएचडीचा विषय आहे. त्यामुळे कोनला नातेवाइकांकडे गेलं की हटकून कोणीतरी तोंड उघडून दाखवतंच. (कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडला की लागतं ते भिवंडीचं कोन.) मी डॉक्टर नाही, संशोधन करते. त्यामुळे औषध सांगत नाही, पण एक काम सगळ्यांना सांगते: कॅलेंडरवर लिहून ठेवा. फोड कुठे आला, कधी आला, किती दिवसांत गेला. या तीन गोष्टींवरून निम्मा उलगडा होतो. कसा, ते आज बघू.

खरा ‘वारंवार येणारा फोड’ कसा असतो

ज्याला दातांचे डॉक्टर अ‍ॅफ्थस अल्सर म्हणतात, तो साधारण असा दिसतो. गोल किंवा लंबगोल, मधे पिवळट-पांढरा, भोवती लालभडक कडा. आकाराने तुरीच्या डाळीपासून वाटाण्याएवढा, म्हणजे एक सेंटिमीटरच्या आत. येण्याच्या आदल्या दिवशी तिथे चुरचुरतं. पहिले तीन-चार दिवस भयंकर दुखतो, मग दुखणं कमी होतं आणि सात ते चौदा दिवसांत व्रण न ठेवता भरतो. काही आठवडे शांतता, आणि मग दुसरीकडे कुठेतरी नवीन. जगभरात साधारण दर पाच माणसांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो. बहुतेकांना तो लहानपणी किंवा विशीच्या आधी सुरू होतो आणि वय वाढेल तसा कमी होत जातो.

यात जागा महत्त्वाची. तोंडाचं अस्तर सगळीकडे सारखं नसतं. हिरडी आणि वरचा कडक टाळू यांवर चावण्याचा मारा सोसायला केराटिनचा टणक थर असतो. गालाची आतली बाजू, ओठाची आतली बाजू, जिभेखालची जागा इथे तो थर नसतो, अस्तर मऊ आणि ताणणारं असतं. अ‍ॅफ्थस फोड जवळजवळ नेहमी या मऊ जागांवर येतो. हिरडीवर किंवा कडक टाळूवर बारीक फोडांचा पुंजका आला, तर ते प्रकरण बहुधा वेगळं असतं, नागिणीच्या जवळच्या नात्यातल्या हर्पिस विषाणूचं. अ‍ॅफ्थस फोड संसर्गजन्य नाही. एकाच्या ताटातलं खाल्ल्याने तो दुसऱ्याला होत नाही.

मग होतं काय? गाल चावला जाणं सगळ्यांच्याच बाबतीत घडतं. बहुतेकांची ती जखम दोन-चार दिवसांत गुपचूप भरते. पण काही लोकांच्या शरीरात त्या छोट्या जखमेपाशी टी-पेशी, म्हणजे शरीराचे पहारेकरी, गरजेपेक्षा जास्त संख्येने धावून येतात आणि तिथल्या स्वतःच्याच पेशींवर हल्ला करतात. अस्तराचा तेवढा तुकडा मरतो आणि खालच्या नसा उघड्या पडतात. म्हणून एवढ्याशा फोडाची एवढी आग. ही जास्त धावपळ करण्याची सवय बऱ्याचदा घराण्यातून येते. आई-वडील दोघांनाही त्रास असेल तर मुलांना होण्याची शक्यता खूप वाढते. थोडक्यात, बंदूक भरलेली असते, ट्रिगर कशानेही दाबला जातो. आपण शोधायचा तो ट्रिगर.

मावशीचं कॅलेंडर

कोनची माझी मावशी गोदामात पॅकिंगचं काम करते. वय ४१. ‘महिन्यातून दोनदा तोंड येतं, कालवण खाल्लं की येतं’ ही तिची तक्रार. मी तिला स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तीन महिने नोंद करायला सांगितली. नोंदी अशा:

९ जून: उजवा गाल, वरच्या शेवटच्या दाढेसमोर. ८ दिवस.
२४ जून: खालच्या ओठाच्या आत. ९ दिवस. (पाळी २६ ला.)
११ जुलै: उजवा गाल, तीच जागा. १० दिवस.
२ ऑगस्ट: उजवा गाल, तीच जागा. ९ दिवस.
१९ ऑगस्ट: जिभेखाली. १० दिवस. (पाळी २१ ला.)

हे बघा आणि क्षणभर विचार करा. पाचही फोड दिसायला एकसारखेच होते. पण तीन एकाच ठिकाणी आले आणि दोन फिरते होते. आणि कालवण? ते तर आठवड्यातून चार दिवस घरात असतंच. कालवणाने फोड झोंबतो हे खरं, पण ते फोड आणतं असं या नोंदीवरून तरी दिसत नाही. तिखटाने दुखतं म्हणून फोडाकडे लक्ष जातं, आणि आरोप कालवणावर येतो.

एकाच जागी येणारा फोड: आधी दात बघा

अ‍ॅफ्थस फोड जागा बदलतो. तो परत परत गालावर त्याच ठिकाणी येत असेल तर समोरचा दात संशयित. मावशीच्या तोंडात आरसा घालून दातांच्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगितलं: वरची अक्कलदाढ गालाकडे कललेली, आणि तिचा बाहेरचा कोपरा तुटून धार आलेली. गोदामात जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. घाईघाईत चावताना गाल त्या धारेवर यायचा. डॉक्टरांनी तो कोपरा घासून गुळगुळीत केला. भूलही लागली नाही.

घरी हे कसं ओळखायचं? मोबाइलचा टॉर्च लावा, गाल बोटाने बाजूला ओढा आणि फोडासमोरच्या दातावरून जीभ फिरवा. टोचतंय का? अर्धवट तुटलेली भरणी, कवळीची कड, ब्रेसेसची तार हे नेहमीचे आरोपी. टणक ब्रश आणि घाईतलं खसाखसा घासणंही यातच येतं. ब्रेसेसच्या तारेवर दंतचिकित्सक जे मेण देतात ते लावायचं. धारदार दात मात्र घरी कानस लावून घासू नका, असं करणारे महाभाग मला भेटलेत. एनॅमल निघालं की परत येत नाही.

गालावर दातांच्या रेषेत दोन्ही बाजूंना आडवी पांढुरकी रेघ दिसली तर घाबरू नका. गाल दातांना सतत टेकत राहिल्याने ती अनेकांना असते.

फिरते फोड: रक्त, पाळी, पेस्ट आणि झोप

आता मावशीचे उरलेले दोन. दोन्ही पाळीच्या दोन दिवस आधी. काही बायकांना पाळीच्या आधीच्या आठवड्यात फोड येतात हे वैद्यकात नोंदलेलं आहे, जरी सगळ्यांना ते लागू नाही. पण मावशीची पाळी जास्त जाते, म्हणून डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. हिमोग्लोबिन ९.४. बाईचं १२ च्या वर हवं. शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन ८, म्हणजे डबा जवळजवळ रिकामा. लोह, फोलेट किंवा बी-१२ कमी पडलं की तोंडाचं अस्तर नीट नवं होत नाही, पातळ राहतं, आणि फोड येणं सोपं होतं.

इथे बी-कॉम्प्लेक्सचा मुद्दा येतो, कारण आपल्याकडे तो पहिला उपाय आहे. दोन अभ्यास शेजारी ठेवून बघू. इस्रायलमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ५८ जण होते. अर्ध्यांना रोज रात्री जिभेखाली १००० मायक्रोग्रॅम बी-१२, अर्ध्यांना तशीच दिसणारी नुसती गोळी, सहा महिने. शेवटच्या महिन्यात बी-१२ वाल्यांपैकी ७४ टक्क्यांना एकही फोड आला नाही, नुसत्या गोळीवाल्यांपैकी ३२ टक्क्यांना. छानच! पण २०१२ साली अमेरिकेत १६० जणांवर वर्षभर चाचणी झाली, त्यात रोजच्या गरजेइतकीच जीवनसत्त्वं असलेली मल्टिव्हिटॅमिनची गोळी दिली होती. तिथे काहीच फरक पडला नाही.

यातून घ्यायचं ते एवढंच: दोन-तीन दिवस पिवळी गोळी खाऊन फोड गेला तर तो गोळीने गेला असं नाही, तो तसाही जाणारच होता. आणि त्या गोळीत बहुधा लोह नसतंच, म्हणजे मावशीच्या रिकाम्या डब्यात ती काही टाकत नव्हती. महिन्याला फोड येत असतील तर अंदाजाने गोळ्या खाण्यापेक्षा एकदा रक्त तपासा: हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, फोलेट. माळकरी घरात, जिथे मासे-मटण-अंडी वर्ज्य असतात, तिथे बी-१२ कमी निघण्याची शक्यता जास्त.

मावशीला डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, तीन महिने. ती त्या चहाबरोबर घ्यायची. चहाने लोह शोषलं जात नाही, म्हणून मधे दोन तासांचं अंतर ठेवायला लागलं.

आणखी एक ट्रिगर बाथरूममध्ये असतो. बहुतेक टूथपेस्टमध्ये फेस यावा म्हणून सोडियम लॉरिल सल्फेट घालतात. हे साबणासारखं काम करतं आणि अस्तरावरचा बुळबुळीत संरक्षक थर धुऊन नेतं. नॉर्वेत नव्वदच्या दशकात अगदी छोट्या गटावर झालेल्या अभ्यासात हा घटक नसलेली पेस्ट वापरल्यावर फोड बरेच कमी झाले. नंतरच्या एका अभ्यासात फोडांची संख्या तेवढीच राहिली, पण दुखणं आणि भरायला लागणारे दिवस कमी झाले. म्हणजे सगळ्यांना फायदा होईलच असं नाही. पण करून बघायला काही जात नाही: डब्यावरची घटकांची यादी वाचा, तो नसलेली पेस्ट तीन महिने वापरा आणि कॅलेंडरवर मोजा. पेस्टमध्ये फ्लोराइड मात्र असू द्या.

ताण आणि जागरण यांचंही तसंच. परीक्षा, रात्रपाळी, घरातलं आजारपण या काळात फोड वाढतात असं बरेच जण सांगतात. त्यात एक साधी गोष्टही असते: ताणात माणूस नकळत गाल चावतो.

मावशीचं पुढे काय झालं? पुढच्या चार महिन्यांत दाढेसमोर एकही फोड नाही, आणि फिरता फक्त एक. दाढेचं मी खात्रीने म्हणेन. लोहाचं मात्र जपून बोलते, कारण हे फोड आपोआपही कमी-जास्त होतात आणि एका माणसावरून नियम निघत नाही. पण हिमोग्लोबिन ९.४ चं ११.८ झालं आणि जिना चढताना तिला दम लागेनासा झाला. तेवढ्यासाठीसुद्धा ती तपासणी कामाची होती.

फोड आलाच आहे, तर घरी काय करायचं

फोड बरा करणारा घरगुती उपाय माझ्या माहितीत नाही. दुखणं कमी करणारे आणि त्याला आणखी न डिवचणारे आहेत.

सगळ्यात उपयोगी म्हणजे सोड्याच्या गुळण्या. एक पेला कोमट पाणी, त्यात अर्धा चहाचा चमचा खायचा सोडा. तोंडात अर्धा मिनिट घोळवायचं, थुंकायचं. दिवसातून तीन-चारदा, विशेषतः जेवणानंतर. सोडा आम्लता मारतो, म्हणून झोंबणं कमी होतं. सोडा नसेल तर तेवढंच मीठ. मीठही चालतं, पण पहिल्या दोन दिवसांत ते चांगलंच झोंबतं. जास्त मीठ म्हणजे जास्त गुण, असं नाही.

दुसरं, झाकण. फोड म्हणजे उघडी जखम, तिच्यावर पातळ थर बसला की हवा, तिखट, दात यांचा स्पर्श कमी होतो. जेवणाआधी आणि झोपताना स्वच्छ कापसाने फोड हलकेच टिपून घ्या आणि त्यावर साजूक तूप किंवा ग्लिसरीन लावा. मधाचेही छोटे अभ्यास झालेत आणि त्यात आराम दिसलाय. मात्र एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नका, आणि मधुमेह असेल तर तूपच बरं. जेवणाआधी बर्फाचा खडा मिनिटभर फोडावर धरला तर जेवण तेवढं सुसह्य होतं.

तिसरं, ताट. चार दिवस फरसाण, चकली, टोस्ट, कुरकुरीत भाकरीचा पापुद्रा असं टोचणारं बाजूला. चिंच, कोकम, लिंबू, टोमॅटो, अननस हे आंबट बाजूला. चहा जरा निवल्यावर. पेज, मऊ भात, दहीभात, ताक, वरण, उकडलेलं अंडं हे चालतं. आमच्याकडे कालवण सोडवत नाही, तर ते मसाला घालण्याआधी वेगळं काढून ठेवता येतं.

काय लावायचं नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. तुरटीची पूड, चुना, लवंगेचं निव्वळ तेल, आणि अ‍ॅस्पिरिनची गोळी फोडावर धरून ठेवणं. यांनी अस्तर भाजतं. ‘लावल्यावर फोड पांढरा पडला, म्हणजे सुकला’ असं लोक सांगतात. तो सुकलेला नसतो, वरचा थर जळून पांढरा झालेला असतो, आणि चौथ्या दिवशी फोड दुप्पट मोठा दिसतो.

मेडिकलमधलं बधिर करणारं जेल जेवणाआधी लावायला ठीक. पण लहान मुलांना ते विचारल्याशिवाय लावू नका. त्यातले काही घटक त्यांना चालत नाहीत. बेंझोकेन दोन वर्षांखालच्या बाळांना द्यायचं नाही. खरंच फोड लवकर आटोक्यात आणणारी गोष्ट म्हणजे डॉक्टर लिहून देतात ती स्टिरॉइडची पेस्ट. तिची गंमत वेळेत आहे. चुरचुर सुरू झाली त्याच दिवशी लावली तर उपयोग, पाचव्या दिवशी लावून फारसा नाही. झोपताना, जागा कोरडी करून, ठिपक्यासारखी टेकवायची. चोळायची नाही.

काकांचं ‘तोंड आलंय’ वेगळं होतं

मावशीचं जेल काकाही लावत होते. काका मागावर काम करतात, रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून सुपारी-तंबाखूचा बार डाव्या गालात. ‘माझं पण तोंड आलंय, तिखट जात नाही,’ असं ते सात-आठ महिने म्हणत होते. मी बघितलं तर फोड एकही नव्हता. डाव्या गालाचं अस्तर फिकट पांढुरकं आणि बोटाला ताठ लागत होतं. मी त्यांना आपलीच तीन बोटं उभी करून तोंडात घालायला सांगितली. निरोगी माणसाच्या तोंडात ती मावतात. त्यांच्या दोनच गेली.

सुपारीतल्या घटकांनी गालाच्या आत तंतू साठत जातात, गाल चामड्यासारखा होतो आणि तोंड उघडेनासं होतं. याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. त्याचं पहिलं लक्षण अनेकदा तिखटाची आग हेच असतं, म्हणून तो ‘उष्णता’ या नावाखाली लपतो. यातून कर्करोग उद्भवू शकतो हे मुंबईतल्याच डॉ. पेमास्टर यांनी १९५६ साली लिहिलं होतं, गालाच्या कर्करोगाच्या ६५० भारतीय रुग्णांच्या अभ्यासात. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण सुपारी आहेच. पश्चिमेकडे तोंडाचा कर्करोग जिभेवर आणि जिभेखाली जास्त दिसतो, आपल्याकडे गालात, कारण बार तिथे ठेवला जातो. मशेरी लावणाऱ्या बायकांनीही स्वतःला यातून वगळू नये, ती भाजलेली तंबाखूच आहे.

यात एक फसवी गोष्ट आहे. धूम्रपान किंवा तंबाखू करणाऱ्यांना साधे अ‍ॅफ्थस फोड कमी येतात, आणि सोडल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांत बऱ्याच जणांना फोड येतात. मग ‘सोडली तर तोंड आलं, म्हणजे तंबाखूच बरी होती’ असं म्हणून माणूस परत सुरू करतो. हे फोड काही आठवड्यांत थांबतात. तेवढे दिवस वर सांगितलेला सोडा आणि तूप वापरायचं.

काकांना आम्ही सीएसएमटीजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात नेलं. मुंबई सेंट्रलचं नायर दंत रुग्णालयही चालतं, केसपेपर काढताना ‘ओरल मेडिसिन’ विभाग सांगायचा. त्यांची सुपारी बंद झालीय, तोंड उघडण्याचे व्यायाम चालू आहेत, दर तीन महिन्यांनी तपासणी. ताठरलेला गाल पूर्ण पूर्ववत होईल असं डॉक्टरांनी सांगितलेलं नाही. पुढे वाढू नये, आणि काही बदललं तर लवकर कळावं, हा हेतू. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ या क्रमांकावर फोन करता येतो, पैसे लागत नाहीत.

कॅलेंडर कधी बाजूला ठेवायचं

साधा फोड दोन आठवड्यांत भरतो. तीन आठवडे झाले आणि फोड तिथेच आहे, तर घरगुती उपाय थांबवून दाखवायचं. तंबाखू-सुपारी खात असाल तर दोन आठवडेच धरा. दुखत नाही म्हणून निश्चिंत राहू नका. कर्करोगाचा व्रण सुरुवातीला बऱ्याचदा दुखत नाही, त्याची कड मात्र बोटाला टणक लागते. लाल किंवा पांढरा न पुसला जाणारा चट्टा, मानेत गाठ, तीन बोटं न मावणं, यातलं काहीही असेल तर दिवस मोजत बसू नका.

फोड एक सेंटिमीटरपेक्षा मोठे असतील, किंवा त्यांच्याबरोबर ताप, सतत जुलाब, डोळे लाल होणं, गुप्तांगावर जखमा असं काही असेल, तर मूळ आजार तोंडाबाहेरचा असू शकतो. आणि नवीन औषध सुरू झाल्यावर तोंड आलं असेल तर ते औषध घेऊन डॉक्टरांकडे जा. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती चुकून रोज घेतली गेली तर तोंडभर फोड ही धोक्याची पहिली घंटा असते, आणि तेव्हा त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

बाकी सगळ्यांसाठी: कॅलेंडर, पेन, आणि तीन रकाने. जागा, तारीख, किती दिवस. डॉक्टरांसमोर ‘सारखं तोंड येतं’ म्हणण्यापेक्षा तो कागद ठेवा. त्यांचे पाच प्रश्न वाचतील.